कथालेखनाचा प्रश्न: आधी क्रियापदं, मग कथा

रविवारी सकाळी पोहे-जिलेबी आटोपून मुलं आमच्या रामबागेतल्या घरी मराठीच्या अभ्यासाला येतात. घरात मराठी, शाळेत आणि गल्लीत हिंदी, अशी ही इंदूरची मुलं. निबंध ती बरा लिहितात, पत्राचा नमुना पाठ करून टाकतात, पण कथालेखनाचा प्रश्न आला की चाचरतात. कल्पना सुचत नाही असं मुळीच नाही. कल्पना ढीगभर असतात. कथा हुकते ती क्रियापदांमध्ये. म्हणून हल्ली मी वही हातात घेतली की आधी कथा वाचतच नाही. पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्यातल्या मुख्य क्रियापदांभोवती गोल काढते आणि नुसते ते गोल वाचते. कथेला सुरुवात आहे का, ती कुठे वळते का, की नुसतीच लोळत राहते, हे तेवढ्यावरून कळतं.

मराठीच्या पेपरात कथा निरनिराळ्या तऱ्हेने विचारतात. मुद्दे देतात, चार-पाच शब्द देतात, शीर्षक देतात किंवा अर्धी कथा देऊन पुढची पूर्ण करायला सांगतात. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या कुमारभारतीत हा प्रश्न उपयोजित लेखनाच्या विभागात येतो, इतर मंडळांच्या पेपरांत त्याची जागा वेगळी असू शकते. शब्दमर्यादा प्रश्नातच दिलेली असते, तीच पाळायची. इथे मी शंभर शब्दांचं माप धरते, कारण जागा कमी असली की चूक लपत नाही.

एक कथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेऊ. मुद्दे असे होते: रविवार, बसस्थानक, मावशीला निरोप, सारखीच पिशवी, घरी आल्यावर कळणे, परत जाणे. नववीतल्या एका मुलीने पहिल्या खेपेला लिहिलेली कथा ही, जशीच्या तशी:

«एकदा एक मुलगी होती. तिचे नाव मीना होते. ती खूप हुशार होती. तिला एक भाऊ होता. एकदा रविवारी तिची मावशी गावाला जाणार होती. मीना मावशीला सोडायला बस स्थानकावर गेली होती. तिथे खूप गर्दी होती. मावशी बसमध्ये बसते आणि बस निघून जाते. मीना घरी येऊन आईने पिशवी उघडली. अचानक त्यात दुसऱ्याचे औषध होती. त्याने पिशवी विसरली होती. मग मीना परत जाते आणि पिशवी देते. तो आजोबा खूप खुश झाले. त्यांनी मीनाला बक्षीस दिले.»

आता नुसते गोल वाचा: होती, होते, होती, होता, जाणार होती, गेली होती, होती. सात वाक्यं झाली आणि अजून काहीही घडलेलं नाही. पुढे एकदम बसते, जाते. मग उघडली. मग पुन्हा होती, होती. मग जाते, देते. मग झाले, दिले. बहात्तर शब्दांतले चौतीस शब्द काही घडण्याआधीच संपले, आणि घडायला लागल्यावर काळाने चार उड्या मारल्या. परीक्षकाला नेमकं कुठे बिघडलं ते सांगता आलं नाही तरी वाचताना ठेच लागतेच.

कोणतं क्रियापद कोणत्या जागी

मराठी कथेचा कणा म्हणजे साधा भूतकाळ: आला, उघडली, पाहिले, निघाली. प्रत्येक क्रियापद एकेक पायरी खाली उतरतं. एक गोष्ट घडली, तिच्यामागून दुसरी घडली. «मीनाने घड्याळ पाहिले. पिशवी उचलली. सायकल काढली.» इथे क्रम सांगायला ‘मग’, ‘नंतर’, ‘त्यानंतर’ यांची गरजच पडत नाही. क्रियापदांचा क्रम हाच घटनांचा क्रम होतो.

«हलवत होती», «डुलक्या घेत होते» ही रूपं वेगळं काम करतात. ती घटना पुढे नेत नाहीत, पडदा लावतात. काहीतरी चालू असतं आणि त्यात दुसरं काहीतरी येऊन पडतं. त्यामुळे त्यांची जागा मुख्यतः सुरुवातीला, एखाद-दोन वाक्यांपुरती.

तिसरं रूप «गेली होती», «विचारले होते» हे पूर्ण भूतकाळाचं. आमच्याकडच्या मुलांची खरी अडचण इथेच आहे, म्हणून जरा थांबते. बोलताना आपण सहज म्हणतो, «परवा आम्ही राजवाड्यावर गेलो होतो.» यात काहीच चूक नाही. मराठीत किस्सा सुरू करायची ती रीतच आहे. पण नीट कान दिला तर लक्षात येईल की पहिल्या वाक्यानंतर चांगला सांगणारा ‘होतो’ टाकून देतो. «परवा आम्ही राजवाड्यावर गेलो होतो. तिथे काकांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, चला सराफ्यात.» गेलो होतो हे दार झालं. आत शिरल्यावर गाठलं, म्हणाले. मुलं मात्र दारातच उभी राहतात: गेलो होतो, भेटले होते, खाल्लं होतं, परत आलो होतो. हिंदीतल्या ‘गये थे, मिले थे, खाया था’ची सवय त्यात भर घालते.

तेव्हा पूर्ण भूतकाळाला दोनच जागा द्यायच्या. एक, सुरुवातीला दार उघडायला. दोन, कथेच्या मध्यात एक पाऊल मागे टाकायला, म्हणजे आत्ता जे घडतंय त्याच्याही आधी काय झालं होतं ते सांगायला. ही दुसरी जागा फार कामाची आहे. वळण बहुतेक वेळा तिथूनच येतं.

चौथं रूप सवयीचं. «आजोबा रोज संध्याकाळी बागेत जात असत» किंवा बोलीत «जायचे». हिंदीच्या ‘जाते थे’वरून मुलं «आजोबा रोज बागेत जात होते» लिहितात. ते साफ चूक नाही, पण त्यातून सवय ठसत नाही, त्या क्षणी चाललेली क्रिया वाटते. सवयीचं रूप नीट वापरलं तर सुरुवात आपोआप ताणली जाते, कारण ‘रोज’ म्हटलं की वाचणारा ‘त्या दिवशी’ची वाट बघतो: «आजोबा रोज सहाला फिरायला जात असत. त्या दिवशी सात वाजले तरी त्यांच्या चपला दारातच होत्या.» दोन वाक्यांत कथा सुरू झाली.

वर्तमानकाळाचं काय? तोंडी गोष्ट सांगताना आपण «मग तो येतो, इकडेतिकडे बघतो, हळूच पिशवी उचलतो» असं रंगवून सांगतो, आणि लेखकही जाणूनबुजून तसं लिहितात. परीक्षेत त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. शंभर शब्दांत तो काळ शेवटपर्यंत पेलत नाही, तिसऱ्या वाक्याला भूतकाळ डोकावतोच. वर्तमानकाळ दोन ठिकाणी मात्र हक्काने येतो. एक म्हणजे अवतरणचिन्हांत, पात्राच्या तोंडी. दुसरं म्हणजे जे कायमच खरं असतं ते सांगताना: «सराफ्यात दागिन्यांची दुकाने बंद झाली की खाण्याचे ठेले लागतात. त्या रात्री आम्ही उशिरा पोहोचलो.» इथे ‘लागतात’ बरोबर आहे, कारण ठेले आजही लागतात. त्याला ओढूनताणून ‘लागत होते’ करू नका.

कच्च्या कागदावर पाच मिनिटं

माझ्याकडची मुलं या प्रश्नाला वीस मिनिटं धरतात: पाच आखायला, बारा लिहायला, तीन तपासायला. तुमच्या पेपरात वेळ कमी असेल तर लिहिण्यातली मिनिटं कमी करा, आखण्यातली करू नका.

आखणी कथेच्या शेवटापासून करायची. वळण काय आहे, हा पहिला प्रश्न. मुद्द्यांमध्ये ‘सारखीच पिशवी’ आहे आणि ‘घरी आल्यावर कळणे’ आहे. म्हणजे वळण पिशवी उघडण्यात आहे. पण पिशवीत मीनाच्या पेढ्यांऐवजी दुसऱ्याची वस्तू निघाली, एवढ्याने वळण पुरं होत नाही. ती नुसती बातमी झाली. वळण म्हणजे ज्या क्षणानंतर पात्राला आधीपेक्षा वेगळं काहीतरी करावं लागतं तो क्षण. पिशवीत दुसऱ्याचा टॉवेल निघाला असता तर मीना उद्यासुद्धा गेली असती. औषधं निघाली, आणि ज्याची ती आहेत तो माणूस सहाच्या बसने दुसऱ्या गावी चाललाय. आता तिला आत्ताच पळायला हवं. वळणात घड्याळ आलं की कथेला पाय फुटतात.

मी त्या मुलीला विचारलं, «पण तो सहाच्या बसने जाणार हे मीनाला कसं कळलं?»

ती म्हणाली, «पिशवीत तिकीट होतं असं लिहू?»

चालेल की. पण त्याहून स्वस्त उपाय आहे. सुरुवातीलाच त्या आजोबांच्या तोंडी एक प्रश्न घालायचा: सहाची देवासची बस इथूनच सुटते ना? तेव्हा त्या वाक्याला काही वजन नसतं, वाचणारा ते विसरूनही जातो. घरी पिशवी उघडल्यावर मीनाला ते आठवतं आणि तिथे एकुलतं एक ‘विचारली होती’ येतं. पूर्ण भूतकाळाची ती मागच्या पावलाची जागा हीच. सुरुवातीला जे पेरलं ते वळणावर उगवलं, आणि तेही एका क्रियापदाच्या जोरावर.

आता कच्च्या कागदावर वाक्यं लिहायची नाहीत, फक्त क्रियापदं लिहायची, एकाखाली एक. आम्ही फळ्यावर लिहिलेली यादी अशी होती. सुरुवात: हलवत होती, बसले होते, विचारले, उचलली, गाठले. वळण: उघडली, नव्हते. मागचं पाऊल: विचारली होती. धाव: उचलली, घातल्या, काढली. शेवट: दिसली, हसले. यादीवरूनच कळतं की ‘होती’चा घोळका फक्त सुरुवातीला आहे आणि पुढे साध्या भूतकाळाची पावलं पडतायत. तुमच्या यादीत मध्येच ‘जाते’ दिसलं तर ते आताच खोडा. कागदावर एक शब्द खोडायला काही लागत नाही, उत्तरपत्रिकेत ओळभर खाडाखोड होते.

सुरुवात

‘एकदा एक मुलगी होती’ ही सुरुवात लहानपणीच्या गोष्टींना शोभते. तिथे ऐकणाऱ्याला झोप यायला हवी असते. परीक्षेत पहिल्या दोन वाक्यांत तीन गोष्टी कळल्या की झालं: कोण, कुठे आणि काय चाललंय. मीना हुशार आहे हे सांगायची गरज नाही. ती पिशवी घेऊन परत धावली की ती कशी आहे ते कळतंच. भाऊ तर कथेत पुन्हा येतच नाही, मग त्याला जन्माला कशाला घालायचं?

सोपी युक्ती अशी की ‘होती’ आणि साधा भूतकाळ यांची जोडी पहिल्या दोन-तीन वाक्यांतच बसवायची. एक गोष्ट चालू आहे, तिच्यात दुसरी घडली. एका मुलाने रंगपंचमीवरच्या कथेची सुरुवात केली होती: «गेर राजवाड्यापाशी पोहोचली होती आणि माझ्या हातातून धाकट्याचा हात सुटला.» मी वहीवर काहीच लिहिलं नाही, नुसती टिकमार्क केली. गर्दी, रंग, ढोल यांतलं काही त्याने लिहिलं नाही. ‘गेर’ म्हटल्यावर इंदूरच्या माणसाला ते दिसतंच. बाहेरच्या परीक्षकासाठी मात्र «रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक» असं अर्धं वाक्य पुढे घालायला सांगितलं.

अर्धी कथा देऊन पुढची लिहायला सांगितली असेल तर सुरुवात तुमच्या हातात नसते. तेव्हा दिलेल्या भागाखाली पेन्सिलीने दोन गोष्टींवर रेघ मारा: कथा ‘मी’ सांगतोय की ‘तो/ती’, आणि शेवटच्या वाक्याचा काळ. दिलेला भाग «मी दार ढकलले» असा संपला आणि तुम्ही «राजू आत गेला» लिहिलंत, तर पुढची कथा कितीही चांगली असली तरी ती दुसऱ्याच कुणाची तरी कथा होते.

वळण लिहिताना

वळणाचं वाक्य आखूड ठेवा. «आईने पिशवी उघडली. आत पेढे नव्हते.» तीन-तीन शब्दांची दोन वाक्यं. आधीची वाक्यं जरा लांब असली की ही आखूड वाक्यं टोचतात आणि तेच हवं असतं. इथे नवा परिच्छेदही सुरू करा, म्हणजे परीक्षकाला वळण शोधावं लागत नाही.

‘अचानक’ या शब्दावर माझा राग आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांना पाठ झालंय. त्या मुलीच्या कथेतलं «अचानक त्यात दुसऱ्याचे औषध होती» हे वाक्य बघा. औषधं अचानक तिथे नव्हती, ती आधीपासूनच होती. अचानक कळलं ते मीनाला. हा शब्द घटनेचं काम स्वतः करायला जातो आणि ते त्याला जमत नाही. खरंच दोन गोष्टी एकमेकींवर आदळल्या असतील तर मराठीत ‘तोच’, ‘इतक्यात’, ‘एवढ्यात’ आहेत, आणि क्रियापदालाच ‘-ताच’ लावायची सोय आहे: «स्थानकात शिरताच तिला बस दिसली.» पूर्ण कथेत असा शब्द एकदाच.

आणखी एक गडबड वळणाजवळ हमखास होते, ती ‘-ऊन’ची. «मीना घरी येऊन आईने पिशवी उघडली.» येऊन, जाऊन, बघून ही रूपं वापरली की दोन्ही क्रिया एकाच माणसाच्या असाव्या लागतात. «मीनाने घरी येऊन पिशवी उघडली» बरोबर आहे, कारण आली मीना आणि उघडली मीनाने. आली मीना आणि उघडली आईने, असं असेल तर ‘-ल्यावर’ घ्या: «मीना घरी आल्यावर आईने पिशवी उघडली.» तपासायचं कसं? ‘-ऊन’ दिसलं की विचारा: हे कोणी केलं, आणि वाक्याच्या शेवटचं कोणी केलं? दोन वेगळी नावं आली की ‘-ऊन’ बदला.

शेवट

मुलांना शेवटी बक्षीस द्यायची फार हौस. रुपयांचं पाकीट, शाळेत सत्कार, कधी कलेक्टरसाहेब. शंभर शब्दांत सत्कार मावत नाही, आणि मावला तरी तो मुद्द्यांतल्या ‘परत जाणे’ला ओलांडून भलतीकडे जातो. शेवट कथेतल्याच वस्तूने करावा. पिशवीत पेढे होते ना? मग पेढ्याकडेच परत या. ‘तात्पर्य’ प्रश्नात मागितलं असेल तरच, एका ओळीत. शीर्षक मागितलं असेल तर ते दोन-तीन शब्दांचं असू द्या आणि वळण फोडून टाकणारं नको. ‘बदललेली पिशवी’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला पिशवी उघडण्याआधीच सगळं कळलं.

दुसऱ्या रविवारी तिने आणलेली कथा मी चार शब्द इकडचे तिकडे करून देते:

«निळी पिशवी

मीना बाकावर बसून मावशीच्या बसला हात हलवत होती. शेजारी एक आजोबा पिशवी सांभाळत बसले होते. “सहाची देवासची बस इथूनच सुटते ना?” त्यांनी विचारले. मीनाने मान हलवली, पेढ्यांची निळी पिशवी उचलली आणि घर गाठले.

आईने पिशवी उघडली. आत पेढे नव्हते. औषधाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी होती.

मीनाने घड्याळ पाहिले. साडेपाच वाजले होते. आजोबांनी सहाची बस विचारली होती! तिने पिशवी उचलली, चपला घातल्या आणि सायकल काढली.

स्थानकात शिरताच तिला देवासची बस दिसली. इंजिन सुरू होते. आजोबा मात्र बसमध्ये चढले नव्हते. ते त्याच बाकावर बसले होते. त्यांच्या मांडीवर दुसरी निळी पिशवी होती.

“पेढे तुझेच ना?” ते हसले. “एक खाल्लाय बरं का मी.”»

शंभराच्या आसपास शब्द झाले. ‘होते’, ‘नव्हते’ इथेही बरेच आहेत, हे मी कबूल करते, पण ते कुठे आहेत ते बघा. पहिल्या परिच्छेदात पडदा लावायला, दुसऱ्यात पिशवीत काय आहे ते दाखवायला, तिसऱ्यात किती वाजले ते सांगायला, आणि चौथ्यात मीनाच्या डोळ्यांना स्थानकात जे दिसतं ते सांगायला. धाव घेतानाच्या वाक्यात एकही नाही. आणि मागचं पाऊल, ‘विचारली होती’, एकदाच. वर्तमानकाळ फक्त आजोबांच्या तोंडी.

दुसरी गोष्ट बघा. निवेदनात ‘विचारले, पाहिले, होते’ अशी प्रमाण रूपं आहेत, आणि आजोबा बोलताना ‘खाल्लाय बरं का’ असं बोलण्याचं रूप. हे तिने मुद्दाम केलंय. मी हा लेख ‘केलं, झालं’ अशा बोलीरूपांत लिहितेय, पण उत्तरपत्रिकेत निवेदन ‘केले, झाले’ असंच ठेवा आणि ‘-लं’ पात्रांच्या तोंडी द्या. सर्वांत वाईट म्हणजे एका ओळीत ‘पाहिले’ आणि पुढच्या ओळीत ‘उचललं’.

शेवटची तीन मिनिटं, म्हणजे हिंदी शोधायची

तपासताना कथा वाचू नका. कथा वाचायला लागलात की तुम्ही तिच्यात रमता आणि चूक दिसत नाही. तीन फेऱ्या मारा आणि प्रत्येक फेरीत एकच गोष्ट शोधा.

पहिली फेरी गोलांची, वर सांगितली तीच. अवतरणचिन्हांबाहेर ‘-तो, -ते, -तात’ दिसलं की थांबायचं.

दुसरी फेरी लिंगाची, आणि ही खास आम्हा इंदूरकरांसाठी. हिंदीत नपुंसकलिंग नाही, आणि काही शब्दांचं लिंग मराठीहून वेगळं आहे. भूतकाळात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं, त्यामुळे चूक नेमकी क्रियापदात उमटते. ‘दुकान’ हिंदीत स्त्रीलिंगी, म्हणून मुलं लिहितात «दुकान बंद होती». मराठीत «दुकान बंद होते». ‘पुस्तक’ हिंदीत स्त्रीलिंगी, तेव्हा «पुस्तक हरवली» येतं, हवं «हरवले». ‘आवाज’ हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी, म्हणून «आवाज आला», ‘आली’ नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्या मुलांच्या वहीत तर दर पाच ओळींनी कुठून तरी «आवाज आली» असतं. घर, दार, कुलूप हे मराठीत नपुंसकलिंगी: «कुलूप उघडला» नाही, «कुलूप उघडले». औषधाचं तेच, डोक्यात ‘दवाई’ असते आणि कागदावर «औषध होती» उतरतं. खात्री वाटत नसेल तर शब्दापुढे मनात ‘तो, ती, ते’ लावून बघा. घरात आजी जे म्हणते ते बहुधा बरोबर असतं: ते दुकान, ते कुलूप, तो आवाज. या फेरीत आदरार्थी रूपही बघून घ्या. «तो आजोबा खुश झाले» मध्ये अर्धा आदर आहे, ‘ते आजोबा’ हवं.

तिसरी फेरी ‘ने’ची. साध्या भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालतं: मीनाने पिशवी उचलली, आजोबांनी पेढा खाल्ला. पण मराठीत काही क्रियापदं या नियमाबाहेर आहेत आणि ती नेमकी कथेत सारखी लागतात: म्हणणे, बोलणे, विसरणे, शिकणे. «तो म्हणाला», «ती बोलली», «आजोबा पिशवी विसरले», «ती पोहायला शिकली». ‘उसने बोला’वरून «त्याने बोलला» येतं, आणि पिशवी स्त्रीलिंगी असल्यामुळे «त्याने पिशवी विसरली» कानाला बरोबरही वाटतं. तरीही ते चूक आहे. ही चार क्रियापदं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. ‘मी’ला तर ‘ने’ कधीच लागत नाही: मी सांगितले, मी पाहिले.

या तीन फेऱ्यांमध्ये त्या मुलीच्या पहिल्या कथेतल्या किती चुका सापडल्या असत्या हे मी तिलाच मोजायला लावलं. ‘बसते, जाते, जाते, देते’ पहिल्या फेरीत, ‘औषध होती’ आणि ‘तो आजोबा’ दुसऱ्या, ‘त्याने पिशवी विसरली’ तिसऱ्या. सात. ‘येऊन’ची आठवी या फेऱ्यांत सापडत नाही, ती लिहितानाच पकडायची. मग तिने वहीच्या समासात तीन उभ्या रेघा आखल्या आणि पुढच्या रविवारसाठी नवे मुद्दे मागितले. मी दिले: पाऊस, बंद दुकान, आतून येणारा आवाज.